दोन तासांचा उशीर आणि तळेगावचे काका-काकू

पुण्याहून वाराणसीला थेट विमानाने जाणारा आमचा जानेवारीतला ग्रुप. विमानात सव्वीस पाहुणे आणि आमचा टूर लीडर, असे सत्तावीस जण. शिवाय चार पाहुणे नागपूरहून परस्पर रेल्वेने मुघलसरायला, म्हणजे आताच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शनला उतरणार होते. बहुतेक मंडळी साठीच्या पुढची. विमान सकाळी १०.२० ला सुटून १२.२५ ला उतरणार, दोनच्या सुमारास हॉटेलात जेवण, थोडा आराम आणि संध्याकाळी दशाश्वमेध घाटासमोर नावेत बसून गंगा आरती, असा पहिला दिवस. प्रत्यक्षात विमान उतरलं संध्याकाळी ५.१० ला. धुक्याच्या दिवसांत हे होतंच, त्यात लिहिण्यासारखं फार काही नाही. लिहायचंय ते आमच्या ट्रॅव्हल डेस्कवरून त्या दिवशी गेलेल्या निरोपांबद्दल, कारण त्यातल्या पहिल्या निरोपाने दोन पाहुण्यांचा प्रवास जवळजवळ बुडाला होता.

सकाळी ६.५० ला विमान कंपनीचा एसएमएस आला: सुटण्याची सुधारित वेळ १२.३०. हा एसएमएस फक्त आमच्या डेस्कच्या मोबाइलवर येतो, हे आधी सांगायला हवं. ग्रुप बुकिंगमध्ये सगळ्यांचा मिळून एकच पीएनआर असतो आणि त्याला एजंटचा नंबर जोडलेला असतो. स्वतः तिकीट काढणाऱ्याला कंपनी थेट कळवते. ग्रुपमधल्या माणसाला आम्ही कळवलं तरच कळतं. त्या सव्वीस जणांच्या वतीने तो फोन फक्त रात्रपाळीचा मुलगा बघत होता. त्याने चटकन, म्हणजे ७.०५ ला, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं:

"नमस्कार. हवामानामुळे आपले विमान सुमारे २ तास उशिरा सुटेल. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

वाचायला यात काहीच खटकत नाही. नम्र आहे, खरं आहे, वेळेत आहे. मी सव्वाआठला डेस्कवर आले तेव्हा मलाही तो ठीकच वाटला. पण वाचणाऱ्याने पुढे काय करायचं, ते त्यात नव्हतं. मग ज्याने त्याने आपापला हिशेब केला. कोथरूड-सिंहगड रोडची मंडळी आधीच लोहगाव विमानतळाच्या वाटेवर होती, ती तशीच पुढे गेली. तळेगावचे काका-काकू मात्र घरीच होते. रिपोर्टिंग ८.२० चं होतं. विमान दोन तास उशिरा, म्हणजे आपणही दोन तास उशिरा निघायचं, असा सरळ हिशेब त्यांनी मांडला. काकूंनी आरामात पोळ्या केल्या. यात त्यांचं काय चुकलं? त्रैराशिक तर बरोबरच होतं.

अडचण अशी की उशिराची वेळ पुढेच सरकते असं नाही, ती मागेही येते. कंपनीला दुसरं विमान मोकळं मिळालं, की सुधारित वेळ परत अलीकडे आणली जाते. म्हणूनच कंपन्या प्रवाशांना मूळ वेळेप्रमाणेच हजर राहायला सांगतात. त्या दिवशी ९.३५ ला नवा एसएमएस आला: ११.१५. देशांतर्गत विमानांचं सामान घेण्याचं काउंटर साधारण सुटण्याच्या तासभर आधी बंद होतं, म्हणजे ते बंद होणार १०.१५ ला. मी काकांना फोन लावला, तर ते नुकतेच निगडी ओलांडत होते. ते काउंटरवर पोचले १०.२० ला. वेब चेक-इन झालेलं होतं, बोर्डिंग पास हातात होते, पण दोन मोठ्या बॅगा घ्यायला काउंटरवरचा माणूस तयार नव्हता. आमचा लीडर आतून फोनवर विनवण्या करत होता, काकू बाहेर डब्याची पिशवी छातीशी धरून उभ्या. वीस मिनिटांनी, १०.४० ला, वेळ पुन्हा बदलून १३.०० झाली आणि काउंटर उघडलं. वाराणसीचं धुकं अजून हललेलं नव्हतं. ज्या धुक्याने उशीर केला त्यानेच त्या दोघांना आत घेतलं; त्यात डेस्कचं कर्तृत्व शून्य.

धुक्याचा उशीर असा टप्प्याटप्प्याने का वाढतो, हे थोडं समजून घेतलं तर निरोप कसा लिहायचा तेही कळतं. विमानतळावर साधी, म्हणजे कॅट-एक पातळीची उपकरणं असतील, तर उतरण्यासाठी धावपट्टीवर साधारण ५५० मीटरपर्यंत दिसावं लागतं. दिल्लीत कॅट-तीन यंत्रणा असल्यामुळे त्यापेक्षा कितीतरी दाट धुक्यातही विमानं उतरतात. पण ते झालं दिल्लीचं. गंगेकाठचं धुकं ऊन चढल्यावर, बहुतेक दिवशी दुपारपर्यंत, विरतं. पण नक्की किती वाजता, ते कुणालाच सांगता येत नाही. त्यामुळे कंपनी अर्ध्या-एक तासाचा अंदाज देत राहते. त्यातच पहाटेपासून हजर असलेल्या वैमानिकांची ड्युटीची मर्यादा भरत येते. ती भरली की धुकं गेलं तरी नवे वैमानिक आल्याशिवाय विमान हलत नाही. आमच्याकडे शेवटी तेच झालं: १२.५० ला वेळ १४.४५ झाली आणि प्रत्यक्षात चाकं हलली ३.०५ ला. म्हणजे सकाळी सातला "सुमारे २ तास" असं लिहिणारा डेस्क, जे खुद्द कंपनीलाही माहीत नव्हतं ते सांगत होता.

१०.४० च्या बदलानंतर मी ग्रुपवरचं सगळं थांबवलं आणि १०.५५ ला हा निरोप पाठवला:

"नमस्कार मंडळी. वाराणसीत धुके असल्याने आपल्या विमानाची सध्याची वेळ दुपारी १.०० आहे. ही वेळ पुढे किंवा मागेही जाऊ शकते, म्हणून कुणीही विमानतळ सोडू नये, गेटजवळच बसावे. दुपारचे जेवण विमानतळावरच १२.१५ ला होईल. लीडर तुमच्याजवळ येऊन विचारतील, बिल आपली कंपनी देईल. वाराणसीत गाड्या आपल्यासाठी थांबतील, त्यांचे नंबर विमान सुटल्यावर कळवू. आजची गंगा आरती बहुधा होणार नाही. ती उद्या संध्याकाळी नक्की ठेवली आहे. पुढचा निरोप ११.४५ ला, नवी बातमी नसली तरी."

यातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात कामाचं वाटतं. सात ते पावणेअकरा या वेळात डेस्कवर एकतीस फोन आले होते, बहुतेक "काही कळलं का?" एवढंच विचारणारे. १०.५५ पासून ११.४५ पर्यंत चार आले. ११.४५ ला खरंच नवं काही नव्हतं. तरी "वेळ अजून १.०० चीच आहे, पुढचा निरोप १२.३० ला" एवढं पाठवलं. एकदा जरी ठरलेली वेळ चुकवली असती तर फोन पुन्हा सुरू झाले असते, अशी माझी खात्री आहे. आणि सहा जणांना निरोप वाचून दाखवावा लागला. ते व्हॉट्सअ‍ॅप उघडतच नाहीत, त्यांची मुलं उघडतात, तीही बोस्टन नाहीतर बंगळुरूमध्ये. त्यांच्यासाठी लीडर होता.

आरतीचं मुद्दाम लिहिलं, कारण पाहुण्याच्या मनात पहिला प्रश्न तोच असतो. विमान किती वाजता, यापेक्षा "आरती चुकली का?" जानेवारीत आरती संध्याकाळी सहाच्या सुमारास सुरू होते. बाबतपूरचा विमानतळ शहरापासून पंचवीसेक किलोमीटर. बॅगा हातात येईपर्यंत आणि गर्दीतून शहरात शिरेपर्यंत दीड तास धरायचा. त्यात मोठ्या गाड्या घाटाजवळच्या गोदौलिया चौकापर्यंत जात नाहीत. अलीकडे उतरून ई-रिक्षा करावी लागते नाहीतर चालावं लागतं. म्हणजे चारच्या पुढे विमान उतरलं की आरती गेलीच, हा हिशेब डेस्कला सकाळीच करता येतो. मग तो पाहुण्यांपासून लपवून ठेवण्यात अर्थ नसतो. संध्याकाळी गाडीत बसल्यावर कळण्यापेक्षा सकाळी गेटवर कळलेलं बरं, शिवाय सोबत "उद्या आहे" हे सांगता येतं. ते सांगण्याआधी मी नाववाल्याशी बोलून दुसऱ्या दिवशीची नाव पक्की केली होती. हा क्रम उलटा करायचा नसतो.

आता जेवण. इथे नियम पाहुण्यांच्या बाजूचा आहे, पण तो पुरत नाही. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून जास्त उशीर झाला, तर वेळेवर चेक-इन केलेल्या प्रवाशाला कंपनीने खाणं-पिणं द्यायचं, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. पुणे-वाराणसी जेमतेम दोन तासांचं, म्हणजे आम्ही त्यात बसत होतो. हवामानामुळे उशीर झाला तर भरपाई मिळत नाही. सहा तासांच्या पुढच्या उशिराला दुसरं विमान किंवा पैसे परत मागता येतात, पण आमचा उशीर पावणेपाच तासांचा. तेव्हा हातात आलं ते माणशी एक कूपन: सँडविच आणि ज्यूसचा डबा.

गेटवर बसलेल्या एका काकांनी मला फोन केला. मधुमेह, रोज जेवणाआधी इन्सुलिन. त्यांचा प्रश्न असा: "ताई, जेवण मिळणार हे कळलं. पण किती वाजता? मी सुई टोचून बसलो आणि ताट आलंच नाही, तर?" आमच्या सकाळच्या निरोपांत "जेवणाची व्यवस्था करण्यात येईल" असं एक वाक्य होतं. कार्यालयीन मराठीत ते शोभून दिसतं. या काकांना त्याचा काडीचा उपयोग नव्हता. त्यांना घड्याळातली वेळ हवी होती. म्हणूनच १०.५५ च्या निरोपात १२.१५ हा आकडा आला आणि लीडरने त्यांचं ताट सगळ्यांच्या आधी, हातात आणून दिलं. मगच त्यांनी सुई घेतली.

सुरक्षा तपासणीच्या आत गेलेल्या माणसांपर्यंत बाहेरचा केटरर पोचू शकत नाही, हे नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. आमच्या डेस्कवरच्या मुलाने उत्साहाने विमाननगरच्या एका पोळीभाजीवाल्याला सत्तावीस डब्यांची ऑर्डर द्यायची तयारी केली होती, मी थांबवलं. आत उपलब्ध असलेल्या फूड कोर्टमधलंच खायचं, पैसे लीडरने द्यायचे आणि बिलं एकत्र ठेवायची. मात्र सकाळी ७.०५ ला, बरीच मंडळी घरी किंवा गाडीत असताना, "सोबत दुपारपुरता डबा घ्या" एवढं एक वाक्य लिहिलं असतं तर निम्मा प्रश्न घरच्या घरीच सुटला असता. देशांतर्गत विमानात घरचं कोरडं खाणं नेता येतं. त्या दिवशी डबा होता एकट्या तळेगावच्या काकूंकडे, कारण त्या उशिरा निघाल्या होत्या. त्यांच्या पोळ्या आणि बटाट्याची भाजी आठ जणांत गेली.

ज्या प्रसंगाची मला अजून लाज वाटते तो आता येतो. ११.१५ ला वाराणसीच्या हॉटेलच्या किचनमधून फोन आला. मी त्यांना साडेदहानंतर कळवलं होतं की ग्रुपचं दुपारचं जेवण रद्द करा, रात्रीचं लवकर द्या. शेफने विचारलं, "मॅडम, वो नागपूरवाले चार लोग तो दोपहर को खाएंगे ना?" मी क्षणभर गप्प. नागपूरची चार मंडळी विमानात नव्हतीच. पण ती आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होती आणि "आपले विमान उशिरा सुटेल" हा निरोप त्यांनाही गेला होता. नंतर त्यांच्यातले एक जण हसून म्हणाले, "आमचं कुठलं विमान? आम्ही तर धुक्यात रुळावर उभे होतो."

नुसता निरोप चुकला असता तर हसण्यावारी गेलं असतं. मूळ बेतात दोन टेम्पो ट्रॅव्हलर होत्या, एक सतरा आसनांची आणि एक बारा आसनांची. बारा आसनांची गाडी आधी मुघलसरायला जाऊन १०.४० च्या रेल्वेने येणाऱ्या चौघांना घेणार, हॉटेलात सोडणार आणि मग बाबतपूरला. सकाळी ७.३० ला आमच्या मुलाने वाराणसीच्या गाडीवाल्याला सांगितलं, "फ्लाइट दोन घंटे लेट है." त्याने दोन्ही गाड्यांची अख्खी ड्युटी पुढे ढकलली, स्टेशनसकट, आणि मधल्या वेळात बारावाली दुसऱ्या भाड्याला लावून दिली. त्याच्या बाजूने चूक काहीच नाही. निरोप त्याला तसाच मिळाला होता. रेल्वेही धुक्याने दीड तास उशिरा धावत होती, म्हणून अजून वेळ हाताशी होता. किचनचा फोन आला नसता तर आम्हाला कळलं असतं ते थेट स्टेशनवरून.

धावपळ करून एक इनोव्हा पाठवली. तिचे १,८०० रुपये गेले. चौघं १२.१० ला उतरली, पंचवीस मिनिटं फलाटाबाहेर बॅगांवर बसून राहिली आणि दीडच्या सुमारास हॉटेलात गरम जेवली. त्यांना मी वेगळा, फक्त त्यांच्यासाठीचा निरोप पाठवला: गाडीचा नंबर, ड्रायव्हरचा फोन, तो कुठल्या बाजूच्या दाराशी उभा असेल, जेवण किती वाजता, आणि पुण्याची मंडळी रात्री भेटतील म्हणून. विमानाचा त्यात उल्लेखसुद्धा नव्हता.

विमानतळाच्या गाड्यांची गंमत वेगळी. सतरावाल्या गाडीचा ड्रायव्हर पहाटे चारपासून ड्युटीवर होता. मूळ बेताप्रमाणे तो दुपारी मोकळा होऊन झोपणार होता. आता विमान उतरेपर्यंत त्याचे तेरा तास होणार होते. मोटार वाहतूक कामगारांचा १९६१ चा कायदा, जो २०२५ पर्यंत लागू होता, दिवसाचे आठ तास काम आणि मधल्या विश्रांतीसह बारा तासांचा पल्ला, एवढीच मर्यादा घालत होता. कायदा बाजूला ठेवला तरी धुकं उतरताना तेरा तासांच्या जागरणावर सतरा माणसं सोपवायला माझं मन धजत नाही. गाडीवाल्याला स्पष्ट सांगितलं: गाडी तीच चालेल, ड्रायव्हर बदला. त्याने गाडीच बदलून दिली. म्हणूनच बरं की नंबर मी सकाळी कळवले नव्हते. सकाळी कळवलेल्या नंबरची गाडी संध्याकाळी शोधत सत्तावीस माणसं पार्किंगमध्ये फिरतात, हे मी एकदा जयपूरला पाहिलेलं आहे.

विमानाची दारं बंद झाल्याचा फोन लीडरने ३.०० ला केला. त्यानंतरच नंबर गेले. पाहुण्यांचे फोन उतरल्यावर सुरू होतात आणि बेल्टजवळ उभं असताना माणूस सगळ्यात आधी व्हॉट्सअ‍ॅप बघतो, तेव्हा समोर हेच दिसावं म्हणून हा निरोप अगदी आखूड ठेवला:

"काशीत स्वागत! बॅगा घेऊन सगळ्यांनी बेल्टजवळच थांबा, लीडर एकत्र बाहेर नेतील. बाहेर आपल्या नावाची पाटी घेऊन माणूस उभा आहे. गाडीत पाणी, केळी आणि चिवडा आहे. गरम जेवण हॉटेलात ७.३० ला. व्हीलचेअरची तिघं पहिल्या गाडीत."

सोबत दोन्ही गाड्यांचे नंबर आणि कोण कुठल्या गाडीत याची यादी. ७.३० ही वेळ मी ओढूनताणून लवकरची दिली नव्हती. उतरणं ५.१०, बॅगा ५.४५ पर्यंत, निघणं सहा, शहर सव्वासात, खोल्यांच्या किल्ल्या. किल्ल्या रिसेप्शनच्या रांगेत न देता गाडीतच वाटल्या. हॉटेलच्या माणसाला त्यासाठी विमानतळावर बोलावलं होतं. त्या दिवशी शनिवार होता आणि एका काकूंना उपवास. संध्याकाळी उपवास सोडायचा, तो रात्री साडेनऊला सोडायला लागू नये, एवढंच त्यांनी सकाळपासून दोनदा सांगितलं होतं. शेफने त्यांच्यासाठी वरणभाताचं ताट वेगळं काढून ठेवलं होतं. ७.४० ला त्या जेवायला बसल्या.

हिशेब नंतर आठवडाभर चालला. गाडीवाल्याने दोन्ही गाड्यांचं सकाळपासूनचं थांबण्याचं बिल लावलं. बारावाली मधल्या वेळात दुसऱ्या भाड्यावर होती, हे त्याच्याच ड्युटी स्लिपवरच्या किलोमीटरवरून दिसत होतं, म्हणून तिचं कापलं. सतरावालीचं दिलं, कारण ती खरंच उभी होती. हॉटेलने दुपारची सत्तावीस जेवणं लावली होती. साडेदहानंतर रद्द केलं तेव्हा भाज्या चिरून झाल्या होत्या, डाळ शिजलेली होती. शेफचं म्हणणं खोटं नव्हतं. निम्म्यावर तडजोड झाली. विमानतळावरच्या जेवणाचे पैसे आम्ही भरले; पाहुण्यांकडे मागितले नाहीत आणि कंपनीच्या सँडविचच्या कूपनांतून ते वजाही झाले नाहीत.

डेस्कवरच्या तक्त्यात आता प्रत्येक गाडीपुढे एक रकाना जास्त आहे: "या गाडीवर आणखी कोण?" मुघलसरायचे चौघं त्या दिवशी तिथे असते तर सकाळी साडेसातलाच दिसले असते. आणि रात्रपाळीच्या मुलाच्या टेबलासमोर मी हाताने लिहून एक कागद चिकटवलाय. त्यावर एकच ओळ आहे: "विमान उशिरा असले तरी तुम्ही विमानतळावर ठरलेल्या वेळीच या." पहिल्या निरोपाचं पहिलं वाक्य हेच टाकायचं, बाकीचं मग. तळेगावच्या काका-काकूंनी पुढच्या वर्षीची दक्षिण भारताची सहल आमच्याकडेच नोंदवली आहे. काकूंनी फॉर्मवर शेरा लिहिलाय, डबा मी आणणारच.